लहान चण, बारीक नाकडोळे: केस किती लांब ठेवायचे, किती फुगवायचे

केस कापण्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय: "मी बुटकी आहे ना, मग आखूडच करा." हे वाक्य ऐकून सुरुवातीच्या वर्षांत मी मुकाट्याने कात्री चालवायचे. एकदा एका दाट, लहरी केसांच्या मुलीला असाच हनुवटीपर्यंतचा बॉब करून दिला. ब्लो ड्राय करून पाठवली तेव्हा छान दिसत होती. पाच दिवसांनी ती केस धुऊन परत आली. केस दोन्ही बाजूंना तंबूसारखे पसरले होते आणि त्या तंबूच्या मधोमध तिचा एवढासा चेहरा. ती काही बोलली नाही, नुसती आरशासमोर उभी राहिली. मला जे कळायचं ते कळलं.

चूक लांबीत नव्हती. लहान चणीच्या बाईला आखूड केस शोभतात हे अर्धंच खरं आहे. केस आखूड झाले की त्यांचं वजन कमी होतं, वजन कमी झालं की ते वर आणि बाजूला उठतात आणि डोकं मोठं दिसायला लागतं. अंग लहान असताना डोकं मोठं दिसलं की अंग आणखी लहान वाटतं. म्हणून लांबी आणि घेर वेगवेगळे ठरवता येत नाहीत. दोन्हींचा निर्णय एकत्र करायचा, तोही आरशात चेहरा बघून नाही तर डोक्यापासून पायापर्यंत स्वतःकडे बघून. तो कसा करायचा ते पुढे क्रमाने सांगते. लागणार फक्त शिवणकामाची टेप, दोन पट्ट्या, एक पुस्तक, फोन आणि केस बांधायला एक रबर.

आधी दोन फोटो

पहिला फोटो पूर्ण उंचीचा. केस नेहमी जसे असतात तसे मोकळे ठेवा, अंगाला बसणारे कपडे घाला, हात सैल सोडा. फोन साधारण तीन मीटर लांब आणि तुमच्या कंबरेच्या उंचीवर हवा. ही उंची महत्त्वाची आहे. उंच माणसाने त्याच्या डोळ्यांपाशी फोन धरून फोटो काढला, तर तुमचं डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, आणि मग तुम्ही कॅमेऱ्याचा दोष केसांवर ढकलता. फोन खुर्चीवर किंवा स्टुलावर टेकवून टायमर लावा.

दुसरा फोटो चेहऱ्याचा. सगळे केस मागे चापून बांधा, फोन डोळ्यांच्या पातळीवर आणि दीड-दोन मीटरवर ठेवा, नंतर फोटो मोठा करून बघा. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ज्यांचं नाक मुळात नाजूक आहे त्यांना सेल्फीवरून आपल्या नाकाडोळ्यांचा अंदाज कधीच येत नाही.

पहिल्या फोटोकडे डोळे बारीक करून बघा, तपशील पुसट होतील इतपत. काय आधी दिसतं? माणूस दिसला पाहिजे. केसांचा काळा पुंजका आधी दिसत असेल, तर तो कुठे सर्वांत रुंद आहे ते नीट बघून ठेवा. कानापाशी, जबड्यापाशी की खाली पाठीवर? पुढचं सगळं या जागेवर अवलंबून आहे.

मग तीन मापं

चित्रकार माणसाची आकृती काढताना उंची डोक्याच्या पटीत मोजतात. प्रौढ माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोकी धरली जाते. लहान चणीच्या माणसाचं डोकं उंचीच्या प्रमाणात तितकंसं लहान होत नाही, आणि त्यात केसांचा उठाव मिळाला की हे प्रमाण पटकन ढळतं.

भिंतीला टेकून उभ्या राहा, डोक्यावर पुस्तक आडवं दाबून ठेवा आणि भिंतीवर खूण करा. हनुवटीच्या पातळीला दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे डोक्याची उंची. समजा ती २०.५ सेंटिमीटर आहे आणि तुमची उंची १४९. भागाकार येतो ७.३ च्या आसपास, म्हणजे प्रमाण उत्तम आहे. आता टाळूवर चार सेंटिमीटर उठाव दिला, केस मुळांकडे उलटे विंचरून म्हणजे बॅककोम्ब करून किंवा वरचे केस फार आखूड कापून, तर डोकं २४.५ आणि एकूण उंची १५३ होते. भागाकार एकदम ६.२ वर येतो. उंची चार सेंटिमीटरने वाढली खरी, पण आकृती एका डोक्याने आखूड झाली. उठाव दीडच सेंटिमीटर ठेवला तर प्रमाण ६.८ च्या पुढे राहतं. "डोक्यावर केस फुगवले की उंच दिसतं" हा सल्ला लहान चणीच्या बाईला का फसवतो ते या एका हिशोबात येतं. मी दीड, फार तर दोन सेंटिमीटरच्या वर जात नाही.

दुसरं माप रुंदीचं. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत टेप सरळ धरा. मग आरशासमोर केस मोकळे ठेवून ते जिथे सर्वांत रुंद आहेत तिथे दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या उभ्या धरा आणि मधलं अंतर मोजा. एकटीने अवघड जातं, कुणाला तरी टेप धरायला सांगा. केसांची रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या साठ टक्क्यांच्या आत असेल तर नजर खांद्यांवर आणि चेहऱ्यावर नीट फिरते. सत्तरच्या वर गेली की खांदे अरुंद दिसायला लागतात. साठ टक्के हा काही शास्त्राचा नियम नाही. इतकी वर्षं खुर्चीमागे उभी राहून बसलेला माझा अंदाज आहे, पण तो क्वचितच चुकतो.

तिसरं माप लांबीचं, आणि ते केसांच्या बटेवरून घ्यायचं नाही. टाळूपासून केस जिथे संपतात त्या पातळीपर्यंतचं उभं अंतर मोजायचं आणि त्याला उंचीने भागायचं. केसांची खालची कड ही अंगावर ओढलेली आडवी रेघच असते. ती रेघ उंचीच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश या पट्ट्यात पडली, म्हणजे कॉलरबोनच्या जरा खालपासून काखेच्या पातळीच्या आसपास, तर खाली अंग भरपूर उरतं. कंबरेपर्यंतचे मोकळे केस ही रेघ जवळजवळ चाळीस टक्क्यांवर नेतात. उंच बाईच्या पाठीवर तेवढे केस असूनही अंग शिल्लक दिसतं. लहान चणीत मानेपासून कंबरेपर्यंतचं अंतरच कमी, त्यामुळे मागून बघणाऱ्याला केस आणि त्यांच्याखाली पाय एवढंच दिसतं.

फोटो दाखवून "असे करा" म्हणण्यातला घोळही याच मापात आहे. फोटोतल्या बाईची उंची पावणेसहा फूट असेल आणि केस छातीपर्यंत असतील, तर तेवढ्याच इंचांचे केस तुमच्या छातीच्या खाली उतरतात. फोटो जरूर दाखवा, पण केस अंगावर कुठे संपायला हवेत ते स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवा. इंचात बोलू नका. कापणाऱ्याचा इंच आणि कापून घेणाऱ्याचा इंच कधीच सारखा नसतो.

मान आणि खांद्यावरची ती वाईट जागा

हनुवटीपासून कॉलरबोनच्या मधल्या खाचेपर्यंत तळहाताची बोटं आडवी ठेवून बघा. चार बोटं मावली तर मान लांब आहे आणि मानेवर संपणारे केस तुम्हाला सहज पेलतील. तीन किंवा कमी मावली तर मान उघडी ठेवण्याची जास्तच गरज आहे. म्हणजे केस एकतर जबड्याच्या आसपास संपावेत, नाहीतर मानेच्या बाजूने सरळ खाली कॉलरबोनच्या पलीकडे उतरावेत.

नेमके खांद्याला टेकणारे केस मात्र टाळा. केसांची टोकं खांद्यावर आदळतात आणि बाहेर वळतात. घरी कितीही ब्लो ड्राय करा, दुपारपर्यंत ती पुन्हा वळलेली असतात. वळलेली टोकं नेमकी खांद्याच्या पातळीवर रुंदी वाढवतात आणि मान गिळतात. खांद्याच्या तीन सेंटिमीटर वर किंवा चार-पाच सेंटिमीटर खाली, या दोनपैकी एक निवडा. केस वाढवताना या पट्ट्यातून जावंच लागतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सहा-सात महिने ही टोकं छळणार. त्या काळात अर्धे केस वर बांधा, नाहीतर खाली छोटी शेपटी ठेवा.

घेर: किती, आणि कुठे

"व्हॉल्यूम" हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरतात, पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे केस मुळात किती आहेत आणि दुसरी म्हणजे ते किती पसरतात. पहिली शेपटीवरून कळते. सगळे केस मागे बांधून रबराच्या जागी शेपटीचा परीघ मोजा. पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर केस विरळ, दहाच्या वर असेल तर दाट. दुसरी फक्त धुऊन, काहीही न लावता, वाऱ्यावर सुकवल्यावर कळते. पार्लरमधून बाहेर पडतानाचा घेर हा ड्रायरचा असतो, तुमचा नव्हे.

केस विरळ असतील तर काम सोपं आहे, फार बोलत नाही. लेयर्स टाळा, एकाच पातळीवर सरळ कड ठेवा आणि लांबी कॉलरबोनच्या पुढे फार नेऊ नका. त्याच्या खाली विरळ केसांच्या झिपऱ्या होतात आणि त्यातून अंग अजूनच बारीक दिसतं. टाळूवर थोडा उठाव हवा असेल तर भांग रोजच्या जागेवरून दोन-तीन सेंटिमीटर सरकवला तरी पुरतो. एका बाजूला पडायची सवय लागलेले केस दुसरीकडे टाकले की मुळापाशी आपसूक उभे राहतात.

दाट केसांत खरी परीक्षा आहे. घेर कुठे असावा याचं उत्तर माझ्यापुरतं ठरलेलं आहे: कानाच्या वर थोडा, टाळूवर अगदी थोडा आणि कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत सर्वांत कमी. लहान चेहऱ्याची बाजू हीच असते. या पट्ट्यात केस फुगले की चेहरा खालून रुंद आणि बसका दिसतो. जबड्याच्या खाली घेर पुन्हा थोडा वाढला तरी चालतो, कारण तिथे तो मानेच्या पोकळीत पडतो. पण कडेला जाऊन तो पंख्यासारखा पसरता कामा नये.

हे घडवायचं कसं? बाहेरून दिसणारे लेयर्स जास्त दिले तर वरचे केस आखूड होतात, वजन सुटतं आणि केस वर उठतात. त्यापेक्षा आतल्या थरातलं वजन काढायचं: कानामागून मानेपर्यंतच्या खालच्या भागातल्या केसांत, मध्यापासून टोकाकडे उभी कात्री चालवून. वरचा थर लांबच ठेवायचा, म्हणजे तो झाकणासारखा खालच्यांना दाबून धरतो. वरच्या थरातले सर्वांत आखूड केसही निदान जबड्यापर्यंत पोचावेत. टाळूवरचे केस दहा सेंटिमीटरच्या आत गेले की लहरी केसांत ते उभेच राहतात, कुठलाही जेल त्यांना बसवत नाही.

एका हत्यारापासून सावध राहा: दात असलेली कात्री, जिला थिनिंगची कात्री म्हणतात. टोकांना एखाद-दुसऱ्यांदा लावली तर ठीक. पण मुळाजवळ चालवली की तिथे शेकडो आखूड केस तयार होतात. ते वाढताना वरच्या लांब केसांना आतून ढकलतात आणि दीड-दोन महिन्यांत डोकं आधीपेक्षा जास्त फुगतं. केस "पातळ" करून घेतल्यावर पहिले पंधरा दिवस बरे गेले आणि नंतर वैताग सुरू झाला असं सांगणाऱ्या बहुतेकींची कथा हीच असते. कात्री केसांच्या मुळांपासून आठ-दहा सेंटिमीटरच्या आत येताना दिसली तर बिनधास्त थांबवा.

बारीक नाकडोळे आणि कपाळावरचे केस

आता दुसरा फोटो उघडा. इथे प्रश्न असा: चेहरा लहान आहे की फक्त नाकडोळे लहान आहेत? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उत्तरंही उलट येतात.

डोळ्यांच्या बाह्य कोपऱ्यांपासून गालाच्या कडेपर्यंत दोन्हीकडे किती जागा मोकळी आहे ते बघा. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी धरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला एका डोळ्याएवढी जागा. तिथे त्याहून बरीच जास्त जागा दिसत असेल, तर नाकडोळे लहान आणि चेहरा पसरट. अशा वेळी चेहऱ्याच्या कडेने दोन बारीक बटा गालावर येऊ द्या. चौकट अरुंद झाली की आतले डोळे आपोआप मोठे वाटतात. बटा गालाच्या हाडाच्या खाली संपाव्यात. नेमक्या हाडावर संपल्या तर तिथेच रुंदीची खूण होते.

चेहराही लहान आणि नाकडोळेही लहान असतील तर कडा झाकू नका. आधीच कमी असलेला चेहरा आणखी कमी होतो आणि केसांतून कुणीतरी डोकावतंय असं दिसतं. इथे केस कानामागे घेता येतील अशी कापणी हवी. पुढचा सर्वांत आखूड केस हनुवटीच्या एक-दोन सेंटिमीटर खाली सुरू व्हावा.

फ्रिंजबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तिच्याकडून अपेक्षा फार असतात. चेहऱ्याचे तीन भाग धरतात: केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत. भुवईपर्यंतची दाट, सरळ फ्रिंज यातला पहिला भाग पूर्ण झाकते. म्हणजे चेहऱ्याचा एक तृतीयांश गेला. उरलेल्या दोन तृतीयांशात डोळे जास्त ठळक दिसतात हे खरं आहे, आणि बारीक डोळ्यांच्या बायकांना फ्रिंज आवडते ती त्यामुळेच. पण दुसरीकडे चेहरा आखूड होतो, केसांचा पुंजका तेवढ्याच मापाने मोठा होतो आणि पूर्ण उंचीच्या फोटोत डोकं जड दिसतं. जवळून छान आणि लांबून जड, असं फ्रिंजचं कायमचं भांडण आहे.

यावर तोड आहे ती फ्रिंजच्या खोलीत. फ्रिंजसाठी कपाळावर केसांचा एक त्रिकोण वेगळा काढतात. त्याचं टोक टाळूकडे जितकं मागे, तितकी फ्रिंज दाट. लहान चेहऱ्याला टोक केसांच्या रेषेपासून तीन सेंटिमीटरपेक्षा मागे नको आणि रुंदी दोन भुवयांच्या उंचवट्यांच्या आतच हवी. अशा फ्रिंजमधून कपाळ दिसत राहतं. मधून दुभंगून बाजूला वळणारी केली तर आणखी बरं, आवडली नाही तर महिन्याभरात पिनेने मागे घेता येते. सहा सेंटिमीटर खोल कापलेली फ्रिंज आवडली नाही तर ती जाईपर्यंत वर्ष जातं.

कुरळ्या किंवा मशीनने वळवलेल्या केसांचंही असंच प्रमाण असतं. डोळा साधारण तीन सेंटिमीटर रुंद असतो. वळणं त्याच्या दुप्पट मोठी केली की बघणाऱ्याची नजर चेहऱ्याऐवजी वळणांवर अडकते. नाजूक नाकाडोळ्यांना बारीक रॉडवरची सैल वळणं बरी दिसतात. अर्थात ज्यांचे केस मुळातच घट्ट कुरळे आहेत आणि ज्यांना तो डौल हवाच आहे, त्यांनी साठ टक्क्यांचा माझा हिशोब खुशाल बाजूला ठेवावा. तिथे केसच सगळ्यांत मोठी गोष्ट असतात आणि तसंच दिसायला हवं.

कापण्याआधी घरी खोटं कापून बघा

लांब केस असतील तर कात्रीआधी ही तालीम करा. मानेवर रबर सैल बांधून शेपटी करा, टोकं आत दुमडून बंद गळ्याच्या टी-शर्टच्या आत सरकवा आणि केस पुढून हव्या त्या लांबीपर्यंत सैल करा. पुन्हा पूर्ण उंचीचा फोटो काढा, तोच कोन, तेच अंतर. जबड्यापर्यंत एक, खांद्याच्या वर एक, कॉलरबोनखाली एक, असे तीन फोटो शेजारी शेजारी ठेवा. या तालमीत एक खोट आहे: दुमडलेल्या केसांमुळे घेर खऱ्यापेक्षा जरा जास्त दिसतो. त्यामुळे रुंदीचा आकडा घट्ट धरू नका, तिन्ही फोटोंची आपसात तुलना करा.

एक उदाहरण, मापांसकट

मघाशी हिशोबाला घेतलेले आकडे एका खऱ्या मुलीचे आहेत. उंची १४९, डोकं २०.५, खांदे ३४ सेंटिमीटर. दाट लहरी केस, शेपटीचा परीघ अकरा, लांबी कंबरेपर्यंत. चेहरा लहान, जिवणी आणि नाक नाजूक, मान तीन बोटं.

"ताई, हनुवटीपर्यंत करून टाका," ती बसल्या बसल्या म्हणाली. "बुटक्यांना तेच शोभतं ना?"

"अगं, आधी बघू तरी," मी म्हटलं आणि तिचे केस दुमडून जबड्यापर्यंत आणले. रुंदी भरली २५ सेंटिमीटर, खांद्यांच्या ७४ टक्के. मग कॉलरबोनखाली सोडले. २० भरली, म्हणजे ५९. दोन्ही फोटो तिच्याच फोनमध्ये काढून दाखवले. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "पहिल्यात मी कुठे आहे?"

तिच्या मोकळ्या केसांची कड टाळूपासून ५७ सेंटिमीटरवर होती, उंचीच्या ३८ टक्क्यांवर. डोक्याचं प्रमाण मात्र ठीक होतं, कारण लांब केसांच्या वजनाने टाळू चापून बसली होती. म्हणजे दोष खालच्या पसाऱ्यात होता, वर काही करायची गरजच नव्हती. आम्ही ठरवलं: सुकल्यावर कड कॉलरबोनच्या चार सेंटिमीटर खाली, टाळूपासून ३१ वर. भागाकार २१ टक्के.

लहरी केस सुकताना आकसतात. तिची एक बट ओली ओढून आणि सुकी सोडून मोजली तर तीन सेंटिमीटरचा फरक आला. म्हणून ओल्या केसांवर मी कॉलरबोनच्या सात सेंटिमीटर खाली कापलं. अंदाजाने कापायचं असतं तर आणखी चार सेंटिमीटर लांब ठेवले असते आणि सुकल्यावर दुसऱ्यांदा कापले असते. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी दोन टप्प्यांत कापण्याचाच आग्रह धरावा. नंतर कानामागचा आतला थर हलका केला, वरचा थर तसाच ठेवला, पुढचा सर्वांत आखूड केस हनुवटीखाली दीड सेंटिमीटरवर. फ्रिंज नाही. भांग मधून काढून तीन सेंटिमीटर डावीकडे नेला.

त्या दिवशी ब्लो ड्राय केलाच नाही. तिला सांगितलं, घरी धुऊन वाऱ्यावर सुकव आणि तिसऱ्या दिवशी फोटो पाठव. तिसरा दिवस यासाठी की तोवर केस धुतल्यानंतरचा फुगारा उतरतो आणि कापणी कशी बसली आहे ते खरं कळतं. फोटोत डावी बाजू नीट होती. उजवी जबड्यापाशी दोनेक सेंटिमीटर बाहेर आली होती. आली तेव्हा कारण दिसलं: उजव्या बाजूचे केस ती सारखे कानामागे सारते, त्यामुळे कानामागचा थर पुढे ढकलला जातो. फक्त त्याच बाजूचा आतला थर अजून थोडा हलका केला, कडेला हात लावला नाही. मग मोजलं तर रुंदी १९ सेंटिमीटर होती, खांद्यांच्या ५६ टक्के.

आता ती चार महिन्यांनी येते. तेवढ्यात केस पाचेक सेंटिमीटर वाढतात, कड टाळूपासून ३६ वर पोचते, म्हणजे २४ टक्के. एक चतुर्थांशाच्या आत असल्याने तोवर घाई नसते. हनुवटीचा बॉब केला असता तर दोन महिन्यांतच टोकं मानेवर येऊन वळायला लागली असती आणि तिला सहा-आठ आठवड्यांनी खुर्चीत यावं लागलं असतं. मागच्या वेळी तिने विचारलं, लग्नसमारंभाला केस वर बांधायचे असतील तर? अंबाडा टाळूवर न घालता मानेवर घाल आणि तो कानांच्या मागे बाहेर दिसणार नाही इतका लहान ठेव, एवढंच सांगितलं. अकरा सेंटिमीटरच्या शेपटीचा अंबाडा तेवढा लहान होत नाही, तेव्हा तिने अर्ध्या केसांची वेणी आधी घालून मग ती गुंडाळली.